मॅमोग्राम स्वच्छ, तरी सोनोग्राफी कशासाठी?

मॅमोग्राम म्हणजे क्ष-किरणांनी घेतलेला स्तनाचा फोटो. स्तन दोन प्लेटांमध्ये काही सेकंद दाबून धरतात आणि प्रत्येक बाजूचे दोन फोटो घेतात, एक वरून आणि एक तिरका. स्तनातल्या चरबीतून क्ष-किरण सहज पार होतात, म्हणून चरबी फोटोत काळपट दिसते. दूध तयार करणाऱ्या ग्रंथी, दूधवाहिन्या आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या तंतूंचे जाळे मात्र क्ष-किरण अडवते, म्हणून हा भाग पांढरा उमटतो. अडचण अशी की कर्करोगाची गाठही क्ष-किरण जवळजवळ तेवढेच अडवते आणि तीही पांढरीच दिसते. काळपट चरबीत एक सेंटिमीटरची पांढरी गाठ लगेच नजरेत भरते. ग्रंथी आणि तंतू भरपूर असलेल्या स्तनात तीच गाठ शोधणे म्हणजे पिंजलेल्या कापसात खडूचा तुकडा शोधण्यासारखे होते.

ग्रंथी व तंतूंचा भाग जास्त आणि चरबी कमी, अशा स्तनांना दाट स्तन म्हणतात. ही घनता हाताला कळत नाही. स्पर्शाला घट्ट लागणारा स्तन मॅमोग्राममध्ये चरबीयुक्त निघू शकतो आणि मऊ लागणारा स्तन अतिशय दाट असू शकतो. आकाराशीही तिचा संबंध नाही. ती फक्त मॅमोग्रामवरच ठरते, म्हणजे पहिला मॅमोग्राम झाल्याशिवाय कोणत्याही स्त्रीला आपले स्तन दाट आहेत की नाहीत हे समजत नाही. दाट स्तन हा आजारही नाही. घनतेचा मोठा भाग अनुवंशाने ठरतो. तरुणपणी ती जास्त असते, मुले झाल्यावर, वजन वाढल्यावर आणि विशेषतः पाळी गेल्यावर कमी होते, तर पाळी गेल्यानंतर घेतलेल्या हार्मोनच्या गोळ्यांनी पुन्हा वाढते.

अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी या संस्थेने आखलेली ‘बाय-रॅड्स’ ही पद्धत आता भारतातही सर्रास वापरतात. तिच्यात घनतेचे चार गट आहेत. ‘ए’ म्हणजे जवळजवळ सगळी चरबी, ‘बी’ म्हणजे दाट भाग विखुरलेला, ‘सी’ म्हणजे दाट भाग इतका की लहान गाठ झाकली जाऊ शकते आणि ‘डी’ म्हणजे अतिशय दाट. अमेरिकेतल्या चाळीशीपुढच्या स्त्रियांत साधारण १० टक्के ‘ए’, ४० टक्के ‘बी’, ४० टक्के ‘सी’ आणि १० टक्के ‘डी’ गटात येतात. ‘सी’ आणि ‘डी’ मिळून दाट स्तन मानले जातात, म्हणजे जवळपास निम्म्या स्त्रियांचे स्तन दाटच असतात. चाळिशीतल्या स्त्रियांत हे प्रमाण आणखी जास्त असते.

रिपोर्ट वाचताना इथे एक गोंधळ नेहमी होतो. त्याच रिपोर्टमध्ये ‘बाय-रॅड्स’ या नावापुढे ० ते ६ यांपैकी एक आकडाही असतो आणि त्याचा घनतेशी संबंध नसतो. आकडा सांगतो की फोटोत संशयास्पद काही दिसले की नाही. १ आणि २ म्हणजे काळजीचे काही दिसले नाही, ३ म्हणजे बहुधा निरुपद्रवी पण सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे, ४ आणि ५ म्हणजे सुईने तुकडा काढून तपासावा, ६ म्हणजे कर्करोग आधीच सिद्ध झालेला आहे. ० म्हणजे तपासणी अपुरी, आणखी फोटो किंवा सोनोग्राफी हवी. घनतेचे अक्षर मात्र सांगते की त्या आकड्यावर किती भरवसा ठेवावा. ‘ए’ घनतेच्या स्तनातला १ आणि ‘डी’ घनतेच्या स्तनातला १ हे कागदावर सारखेच दिसले, तरी त्यांचे वजन सारखे नसते.

अक्षरही काही मोजपट्टीने काढलेले नसते. बहुतेक ठिकाणी रेडिओलॉजिस्ट नजरेने अंदाज करतात आणि तो माणसागणिक बदलतो. अमेरिकेत २०१६ साली ८३ रेडिओलॉजिस्टांचे रिपोर्ट पडताळले, तेव्हा त्यांतल्या एकाने केवळ ६ टक्के मॅमोग्राम दाट ठरवले होते, तर दुसऱ्याने ८४ टक्के. स्त्रियांचे वय आणि बांधा यांतले फरक जमेस धरूनही तफावत राहिलीच. सर्वांत जास्त मतभेद ‘बी’ आणि ‘सी’ यांच्या सीमेवर होतात आणि नेमकी तीच सीमा ‘दाट’ हा शिक्का ठरवते. त्यामुळे गेल्या वर्षी ‘बी’ आणि यंदा ‘सी’ आले, तर स्तनात काही बदल झाला असेलच असे नाही.

घनतेने दोन वेगळ्या गोष्टी घडतात आणि त्या वेगळ्याच ठेवून पाहायला हव्यात. पहिली गोष्ट झाकले जाण्याची. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात चरबीयुक्त स्तनांतले ९८ टक्के कर्करोग मॅमोग्रामने पकडले, पण सर्वांत दाट स्तनांत फक्त ४८ टक्के. तो फिल्मचा जमाना होता. डिजिटल मॅमोग्राफी आल्यावर, २००५ साली, सुमारे ४९,५०० स्त्रियांवरच्या अमेरिका-कॅनडातल्या चाचणीत असे दिसले की एकंदरीत दोन्ही तंत्रे सारखीच आहेत, पण पन्नाशीच्या आतल्या आणि दाट स्तनांच्या स्त्रियांत डिजिटल सरस ठरते. सुधारणा झाली, तरी दरी मिटली नाही. स्तनाचे पातळ थरांत फोटो घेणारी त्रिमितीय मॅमोग्राफी आणखी मदत करते, पण सर्वांत दाट गटात तिचाही फायदा तोकडा पडतो, कारण थर पातळ केला तरी पांढऱ्यावर पांढरे राहतेच.

दुसरी गोष्ट धोक्याची. दाट स्तनांत कर्करोग होण्याचे प्रमाणच थोडे जास्त असते. ‘चार ते पाच पट धोका’ हा आकडा वारंवार छापला जातो आणि तो घाबरवतो. त्यात तुलना कोणाशी केली आहे हे पाहायला हवे. सर्वांत दाट स्तनांची तुलना जवळजवळ पूर्ण चरबीच्या स्तनांशी केली की तेवढी पट निघते, आणि दोन्ही टोकांना स्त्रिया थोड्याच असतात. सर्वसाधारण स्त्रीशी तुलना केली तर ‘सी’ गटाचा धोका किंचितच जास्त आणि ‘डी’ गटाचा सुमारे दुप्पट भरतो. आई किंवा बहिणीला कर्करोग असण्याने जितका धोका वाढतो, जवळपास तितकाच हा आहे. दखल घेण्याजोगा नक्कीच, पण हातपाय गाळण्याजोगा नाही.

हा प्रश्न प्रयोगशाळेतून कायद्यापर्यंत गेला तो अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या नॅन्सी कॅपेलो यांच्यामुळे. शिक्षण क्षेत्रात काम करणाऱ्या कॅपेलो दरवर्षी न चुकता मॅमोग्राम करून घेत. अकरा वर्षे रिपोर्ट स्वच्छ येत राहिला. २००४ साली, असाच एक स्वच्छ रिपोर्ट आल्यानंतर काही आठवड्यांतच, त्यांच्या डॉक्टरांना तपासताना स्तनात एक उंचवटा हाताला लागला. पुन्हा मॅमोग्राम केला, त्यात पुन्हा काहीच नाही. त्यानंतर सोनोग्राफी केली आणि तिच्यात अडीच सेंटिमीटरची गाठ स्पष्ट दिसली. शस्त्रक्रियेत काखेतल्या १३ लसिका ग्रंथींमध्ये कर्करोग पोचल्याचे आढळले. म्हणजे रोग तिसऱ्या टप्प्यात गेला होता. आपले स्तन दाट आहेत ही गोष्ट त्यांना तेव्हा प्रथमच कळली. डॉक्टरांच्या कागदांत ती आधीपासून होती, रुग्णाला पाठवलेल्या पत्रात नव्हती. त्यांच्या पाठपुराव्याने कनेक्टिकटमध्ये २००९ साली घनता रुग्णाला कळवण्याचा कायदा झाला, अमेरिकेतला तसा तो पहिलाच. एकामागून एक राज्ये त्या वाटेने गेली. कॅपेलो २०१८ साली, कर्करोगाच्या उपचारांतून उद्भवलेल्या आजाराने वारल्या. १० सप्टेंबर २०२४ पासून अमेरिकेत प्रत्येक मॅमोग्राम केंद्राने ही माहिती प्रत्येक स्त्रीला कळवणे देशभर बंधनकारक झाले आहे.

कॅपेलो यांच्या बाबतीत मॅमोग्राममध्ये न दिसलेली गाठ सोनोग्राफीत का दिसली, याचे उत्तर दोन्ही तंत्रांच्या पायातच आहे. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात. हातात धरलेला प्रोब स्तनावरून फिरवतात, तो कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी आत सोडतो आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनींतून चित्र तयार होते. इथे दाट ग्रंथी उजळ दिसतात, कर्करोगाची गाठ मात्र बहुतेक वेळा काळपट. मॅमोग्राममध्ये एकसारखे दिसणारे दोन पदार्थ इथे वेगळे पडतात. शिवाय पाण्याने भरलेली निरुपद्रवी पुटी आणि घन गाठ यांतला फरक सोनोग्राफी लगेच सांगते, तो मॅमोग्रामला सांगता येत नाही.

मग दाट स्तन असलेल्या स्त्रीने मॅमोग्राम सोडून थेट सोनोग्राफीच का करू नये? याचे कारण कॅल्शियमच्या कणांत आहे. काही कर्करोग दूधवाहिनीच्या आतल्या अस्तरात सुरू होतात आणि तिथे, गाठ तयार होण्याच्या कितीतरी आधी, मिठाच्या दाण्यापेक्षाही बारीक असे कॅल्शियमचे कण साचतात. ते क्ष-किरणांना दाट पेशीजालापेक्षा कितीतरी जास्त अडवतात, त्यामुळे पांढऱ्या पार्श्वभूमीवरही ठळक ठिपक्यांसारखे उमटतात. सोनोग्राफीत ते बहुधा दिसतच नाहीत. म्हणजे दोन्ही तपासण्यांना वेगवेगळे कर्करोग दिसतात आणि वेगवेगळे निसटतात. दाट स्तन आणि वाढीव धोका असलेल्या सुमारे २,८०० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत हे लख्ख दिसले. तीन वर्षांत त्यांच्यात १११ कर्करोग निघाले. त्यांतले ५९ मॅमोग्रामने दाखवले आणि ५८ सोनोग्राफीने. आकडे जवळजवळ सारखे, पण सोनोग्राफीने दाखवलेल्यांत आजूबाजूला पसरू शकणारे आणि तरीही काखेत न पोचलेले कर्करोग जास्त होते, तर मॅमोग्रामच्या वाट्याला वाहिनीतच असलेले, कॅल्शियमने ओळखू येणारे कर्करोग जास्त आले.

म्हणून दाट स्तनांसाठीची सोनोग्राफी मॅमोग्रामच्या जोडीला करायची असते, बदली म्हणून नाही. याच चाचणीच्या पहिल्या फेरीत दर हजार स्त्रियांमागे मॅमोग्रामने सात ते आठ कर्करोग दाखवले, सोनोग्राफीची भर घातल्यावर ही संख्या सुमारे बारा झाली. वाढीव धोक्याची अट नसलेल्या, फक्त दाट स्तन असलेल्या स्त्रियांत ही भर हजारी साधारण तीन असते.

या भरीची किंमतही मोजावी लागते. सोनोग्राफीत संशयास्पद वाटणाऱ्या बऱ्याच गाठी शेवटी निरुपद्रवी निघतात. मॅमोग्राममुळे केलेल्या शंभर बायॉप्सींत २२-२३ मध्ये कर्करोग सापडला, तर फक्त सोनोग्राफीमुळे केलेल्या शंभरांत जेमतेम ९ मध्ये. म्हणजे सोनोग्राफीने दाखवलेल्या संशयामुळे सुई टोचून घेणाऱ्या दहा जणींपैकी नऊ जणींना काहीच झालेले नव्हते, पण रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस त्यांना काढावे लागले. दुसरी मर्यादा हाताची. प्रोब कोणत्या कोनातून, किती सावकाश आणि काखेपर्यंत फिरवला यावर चित्र ठरते. दोन्ही स्तनांची पूर्ण तपासणी आणि ‘जिथे गाठ लागते तेवढ्या जागेची’ सोनोग्राफी या वेगळ्या गोष्टी आहेत. घाईत पाच मिनिटांत उरकलेल्या सोनोग्राफीला वरचे आकडे लागू होत नाहीत. तपासणारा रेडिओलॉजिस्ट मॅमोग्राम समोर ठेवून सोनोग्राफी करत असेल तर निकाल अधिक विश्वासार्ह येतो, म्हणून दोन्ही तपासण्या एकाच ठिकाणी किंवा निदान जुने फोटो सोबत नेऊन करणे शहाणपणाचे.

भारतीय स्त्रियांना सर्वांत जवळचा वाटावा असा पुरावा जपानचा आहे, कारण तिथे चाळिशीतल्या स्त्रियाच निवडल्या होत्या. ‘जे-स्टार्ट’ नावाच्या या चाचणीत सुमारे ७३,००० स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला फक्त मॅमोग्राम, दुसऱ्याला मॅमोग्राम आणि सोनोग्राफी. २०१६ साली निकाल आला. जोडीच्या तपासणीने ९१ टक्के कर्करोग पकडले, एकट्या मॅमोग्रामने ७७ टक्के. स्वच्छ रिपोर्ट हाती असताना पुढच्या तपासणीआधीच उघड झालेले कर्करोग ३५ वरून १८ वर आले. हा शेवटचा आकडा सर्वांत बोलका आहे, कारण कॅपेलो यांच्यासारख्या घटना त्यातच मोजल्या जातात. मात्र अकारण पुढच्या तपासण्यांना बोलावल्या गेलेल्या स्त्रियाही या गटात जास्त होत्या.

‘डी’ गटासाठी मात्र सोनोग्राफीपेक्षा एमआरआय उजवा ठरला आहे. एमआरआयमध्ये शिरेतून गॅडोलिनियमयुक्त औषध देतात. कर्करोग आपल्याभोवती नव्या रक्तवाहिन्या तयार करतो, तिथे हे औषध चटकन साचते आणि गाठ उजळते. घनतेचा पडदा इथे फारसा आड येत नाही. नेदरलँड्समध्ये अतिशय दाट स्तन असलेल्या आणि मॅमोग्राम स्वच्छ आलेल्या ५० ते ७५ वयाच्या सुमारे ४०,००० स्त्रियांवर चाचणी झाली, तिचा निकाल २०१९ सालचा. एमआरआयने दर हजारी १६ ते १७ कर्करोग आणखी शोधले आणि दोन तपासण्यांमध्ये उघड होणारे कर्करोग हजारी ५ वरून २.५ वर आले. पण बोलावलेल्या दर दहा स्त्रियांपैकी चार जणींनी एमआरआयला नकार दिला. बंद नळीत पालथे पडून राहणे, इंजेक्शन आणि खर्च, सगळेच जड असते. २०२५ साली आलेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत कमी वेळाचा एमआरआय, औषध देऊन केलेला मॅमोग्राम आणि यंत्राने आपोआप केली जाणारी सोनोग्राफी यांची तुलना झाली. पहिल्या दोघांनी हजारी १७ ते १९ कर्करोग शोधले, सोनोग्राफीने सुमारे ४. औषध दिलेला मॅमोग्राम एमआरआयच्या तोडीचा ठरणे ही या चाचणीतली मोलाची गोष्ट आहे, कारण तो एमआरआयपेक्षा स्वस्त पडतो आणि लवकर होतो.

एवढा पुरावा असूनही सल्ले जुळत नाहीत. स्तनांच्या इमेजिंगवर काम करणारी युरोपातली संस्था २०२२ पासून ५० ते ७० वयाच्या, अतिशय दाट स्तन असलेल्या स्त्रियांना दर दोन ते चार वर्षांनी एमआरआय सुचवते. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कृतिदलाने मात्र २०२४ साली ४० ते ७४ या वयात दर दोन वर्षांनी मॅमोग्राम सुचवला आणि दाट स्तनांसाठी सोनोग्राफी किंवा एमआरआयची भर घालण्याबाबत पुरावा अपुरा असल्याचे म्हटले. दोघांनी तेच निकाल वाचले आहेत. कृतिदल मृत्यू कमी झाल्याचा पुरावा मागते आणि आजवरच्या चाचण्यांनी कर्करोग आधी सापडतो एवढेच दाखवले आहे. आधी सापडलेल्यांत काही असेही असतील की जे कधीच त्रास देणार नव्हते. दुसरी बाजू म्हणते की मधल्या काळात उघड होणारे कर्करोग निम्मे होणे ही पुरेशी खूण आहे. ‘डी’ गटापुरते हे दुसरे म्हणणे जास्त पटते. ‘सी’ गटात, इतर कोणताही धोका नसेल तर, दोन्ही मते चुकीची म्हणता येत नाहीत.

यावरून निवड कशी ठरते ते पाहावे. पंचेचाळीस वर्षांची, घरात कोणालाही हा कर्करोग नसलेली स्त्री ‘बी’ गटात आली तर तिला मॅमोग्राम पुरतो. तीच ‘सी’ गटात आली आणि तिच्या आईला पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर घनता आणि कौटुंबिक इतिहास मिळून पारडे जोडीच्या सोनोग्राफीकडे झुकते. अकारण बायॉप्सीची शक्यता आधीच समजावून सांगितलेली असली म्हणजे झाले. ‘डी’ गटात एमआरआय किंवा औषध देऊन केलेला मॅमोग्राम परवडत आणि मिळत असेल तर तो घ्यावा, नाहीतर सोनोग्राफी. ज्यांच्यात बीआरसीए जनुकातला दोष सापडला आहे किंवा तरुणपणी छातीवर रेडिएशन दिले गेले आहे, त्यांना घनता कोणतीही असो, दरवर्षी एमआरआय हवा, आणि एमआरआय होत असेल तर वर सोनोग्राफीने फारशी भर पडत नाही.

भारतात ही निवड बहुतेक स्त्रियांना स्वतःच करावी लागते, कारण इथे सरकारी पातळीवर मॅमोग्रामची सार्वत्रिक मोहीम नाही. २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकेने हाताने तपासणी करायची आहे. त्यामागे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाख स्त्रियांवर केलेल्या कामाचे बळ आहे. त्यात दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या तपासणीमुळे कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडले आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांतले मृत्यू सुमारे ३० टक्के कमी झाले; पन्नाशीच्या आत मात्र असा फायदा दिसला नाही. भारतात हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षे आधी गाठतो, म्हणजे स्तन अजून दाट असतात त्या वयात, आणि म्हणूनच घनतेचा प्रश्न इथे जास्त टोचतो. सोनोग्राफी यंत्रे तालुक्याच्या गावीही पोचली आहेत, पण गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली त्यांची नोंदणी असते आणि ठरलेल्या जागेबाहेर ती वापरण्यावर कडक निर्बंध आहेत, त्यामुळे ती शिबिरांत सहज नेता येत नाहीत.

वरचे सगळे काही त्रास नसलेल्या स्त्रीसाठी आहे. स्तनात गाठ लागली, निपल आत ओढले गेले, त्यातून रक्ताळ पाणी आले किंवा कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली, तर ही चाळणी तपासणी राहत नाही. तिशीच्या आत अशा वेळी आधी सोनोग्राफीच करतात, त्यापुढे मॅमोग्राम आणि सोनोग्राफी दोन्ही. हाताला लागणारी गाठ मॅमोग्राममध्ये दिसली नाही म्हणून तिथेच थांबू नये. सोनोग्राफी करावी, आणि तिच्यातही खुलासा होत नसेल पण गाठ डॉक्टरांना संशयास्पद वाटत असेल, तर सुईने तुकडा काढून तपासावा.